भरभर चालणे : खुबा व हात यांचे कार्य

भरभर चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा श्रोणीची (कमरेच्या हाडांच्या कड्याची) उजवी बाजूही थोडी पुढे वळते. त्याच वेळी डावा हात व डावा खांदा पुढे येतात. कंबर आणि खांदे असे उलट दिशांना वळत असल्यामुळे पायांच्या फेकीने शरीराला बसणारा पीळ हातांकडून बराचसा फेडला जातो. हे स्पष्टीकरण एल्फ्टमन यांनी 1939 मध्ये मांडले. पुढे 2009 मधील एका प्रयोगात हात अंगाशी स्थिर ठेवून चालल्यास सु. 12 टक्के अधिक ऊर्जा लागते, असे आढळले. हात हे निव्वळ लोंबणारे लंबक असावेत, असाही एक विचार आहे. परंतु हात बांधून ठेवले तरी खांद्याचे स्नायू पावलांच्या लयीत आकुंचन पावतात, त्यामुळे तो अपुरा वाटतो.

श्रोणीच्या वळण्याविषयी मतभेद अधिक आहेत. साँडर्स, इन्मन व एबरहार्ट यांनी 1953 मध्ये या वळण्यामुळे शरीराचे वरखाली होणे कमी होते, असे प्रतिपादन केले. नंतरच्या मोजमापांत हा परिणाम फार थोडा दिसला व नवे मत अधिक ग्राह्य वाटते. पाऊल लांबवण्यातही वळण्याचा वाटा बेताचाच आहे. दोन खुब्यांमधील अंतर 17 सेंमी. धरले आणि श्रोणी 5 अंश वळली, तर एक खुबा दुसऱ्याच्या सु. 1.5 सेंमी. पुढे जातो. मिनिटाला 120 पावलांनी अर्धा तास चालल्यास 3,600 पावलांत ही भर जेमतेम 54 मी. होते. पाऊल खऱ्या अर्थाने लांबते ते मागचा पाय खुब्यातून मागे ताणला जातो तेव्हा. खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले असतील, तर हा ताण कंबर घेते : पोट पुढे येते, पाठीला बाक पडतो आणि मागची टाच लवकर उचलली जाते.

चालणाऱ्यांच्या गटांत ‘कोपर काटकोनात वाकवा’ ही सूचना हमखास ऐकू येते. हात वाकवला की लंबक आखूड होतो व तो झपझप हलवता येतो. स्पर्धात्मक चालीत याचा उपयोग होतो. मात्र 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच व्यक्तींवरील एका प्रयोगात कोपर वाकवून चालण्यास सु. 11 टक्के अधिक ऊर्जा लागली. धावताना असा फरक आढळला नाही. (व्यायामासाठी चालणाऱ्याने हा तोटा मानावा की लाभ, हा प्रश्न वेगळा.) साध्या भरभर चालीत हात सैल व जवळपास सरळ ठेवणे सोयीचे दिसते. कोपर वाकवलेच, तर मूठ छातीच्या मध्यरेषेपलीकडे जाऊ देऊ नये. ती पलीकडे गेली, की हात पुढेमागे न हलता आडवा फिरतो आणि खांदे डुलू लागतात. मागून पाहणाऱ्याला हे चटकन दिसते.