करडईचं तेल पचतं, पॅराफिन पचत नाही

औसा तालुक्यातले बहात्तर वर्षांचे एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी आठला भाकरी आणि मेथीची भाजी, साडेनऊला ‘पोट साफ व्हायचं’ पांढरं औषध दोन मोठे चमचे, आणि लगेच अंथरूण. असं वर्षभर. अशा बाटल्यांत बहुधा मिल्क ऑफ मॅग्नेशियासोबत लिक्विड पॅराफिन असतं. मेडिकलवर ती सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते.

लिक्विड पॅराफिन हे खनिज तेलापासून काढलेलं, रंग-वास नसलेलं तेल. आपली पाचकद्रव्यं त्याला तोडू शकत नाहीत. ते आतड्यातून जवळजवळ तसंच पुढे सरकतं, मळाला बुळबुळीत करतं आणि त्यातलं पाणी शोषलं जाऊ देत नाही. म्हणून मळ मऊ होतो.

अडचणही याच न पचण्यात आहे. मेथीतलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते तेलात विरघळतं. फोडणीच्या करडईच्या तेलात ते उतरलं तर काही बिघडत नाही. ते तेल आतड्यात फुटतं, पित्तरसात मिसळतं आणि कॅरोटीन रक्ताकडे जातं. त्याच वेळी तिथे पॅराफिन असेल तर काही कॅरोटीन त्यात उतरतं आणि पॅराफिनबरोबर बाहेर पडतं. ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही तेलात विरघळणारीच. चार-आठ दिवसांच्या औषधाने फरक पडत नाही, कारण अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो. महिनोन्‌महिने चाललं, त्यात आहार बेताचा असला, तर मात्र साठा ओसरू शकतो. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्व घटल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आजोबांचं जेवण साडेनऊला पचतच असतं, म्हणजे वेळ नेमकी चुकीची. शिवाय झोपताना घेतलेलं तेल घशातून श्वासनलिकेत उतरू शकतं. ते इतकं सौम्य असतं की ठसकाही लागत नाही. फुप्फुसात साचून त्याचा एक चिवट न्यूमोनिया होतो. खोकला हटत नाही, एक्स-रेवर सावली दिसते आणि क्षयाची शंका येते. अशा वेळी डॉक्टरांना बाटलीबद्दल सांगायलाच हवं. लहान मुलं, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि गिळायला त्रास होणारे यांना हे औषध देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. धोतराला तेलकट डाग पडणं, गुदद्वाराशी खाज सुटणं, हे मात्रा जास्त झाल्याचे इशारे.

डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलंच, तर जेवणापासून दोन तास दूर आणि बसून घ्यावं. रोज घ्यायची वेळ येत असेल तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर किंवा लॅक्टुलोज यांचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. कारणही शोधावं: लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, थायरॉइड, उन्हाळ्यात कमी पडलेलं पाणी. मळात रक्त असेल किंवा वजन उतरत असेल तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करावी.

आजोबांना हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची कॅप्सूलही दिलेली आहे. लक्षात राहावं म्हणून तीही ते साडेनऊलाच, त्याच औषधाबरोबर घेतात.