प्रमोशन झालं, आता पे फिक्सेशन: लगेच घ्यायचं की वेतनवाढीच्या तारखेपासून?

प्रमोशनची ऑर्डर हातात आली की पेढे वाटले जातात आणि मग एक फॉर्म समोर येतो ज्याच्याकडे फारसं कोणी नीट बघत नाही, ऑप्शन फॉर्म. एस्टॅब्लिशमेंटवाला म्हणतो इथे सही करा, आपण करतो, आणि वर्षभराने बरोबरीच्या माणसाची बेसिक आपल्यापेक्षा एक पायरी पुढे दिसली की विचारत फिरतो असं कसं झालं. हे सगळं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहितोय, राज्यवाल्यांचे २०१९ चे वेगळे सुधारित वेतन नियम आहेत आणि त्यांचे स्तर एस-१ ते एस-३१ असे आहेत, त्यांनी इथले आकडे आपल्याला लावू नयेत.

आधी मूळ नियम. सातव्या वेतन आयोगानंतर प्रमोशनला तीन टक्के काढून गुणाकार वगैरे करायचा नसतो. वेतनाच्या तक्त्यात आत्ताच्या लेव्हलच्या रकान्यात एक ओळ खाली उतरायचं, म्हणजे एक वेतनवाढ काल्पनिक द्यायची, आणि आलेला आकडा नवीन लेव्हलच्या रकान्यात शोधायचा. तोच आकडा असला तर तो, नसला तर लगेच पुढचा मोठा. झालं. यात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जुन्या लेव्हलला नवव्या सेलला होतो म्हणून नव्या लेव्हललाही नववा सेल मागणं, तसं काही नसतं, आकडा जुळवायचा असतो, ओळ नंबर नाही.

आता उदाहरण घेऊ. एक एलडीसी, नोव्हेंबर २०१६ ला जॉइन झालेला, लेव्हल २, वेतनवाढ दरवर्षी १ जुलैला. १ जुलै २०२४ ला त्याची बेसिक २५२००. १० ऑक्टोबर २०२४ ला तो यूडीसी झाला, म्हणजे लेव्हल ४.

पहिला पर्याय, प्रमोशनच्या तारखेपासून. २५२०० ची पुढची पायरी २६०००, लेव्हल ४ मध्ये २६००० नाही, पुढचा आकडा २६३००. म्हणजे १० ऑक्टोबरपासून २६३००. पुढची वाढ कधी? २ जुलै ते १ जानेवारी या काळात प्रमोशन झालं तर वाढ १ जुलैला, आणि २ जानेवारी ते १ जुलै या काळात झालं तर १ जानेवारीला. याचं प्रमोशन ऑक्टोबरचं, म्हणून १ जुलै २०२५ ला २७१००, १ जुलै २०२६ ला २७९००.

दुसरा पर्याय, पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, ज्याला ऑफिसात सगळे डीएनआय म्हणतात. यात प्रमोशनच्या दिवशी वाढ न देता फक्त लेव्हल ४ मधला २५२०० च्या लगेच वरचा आकडा मिळतो, २५५००. मग १ जुलै २०२५ ला जुन्या लेव्हलमध्येच दोन पायऱ्या, एक वार्षिक आणि एक प्रमोशनची, २६००० आणि मग २६८००, आणि लेव्हल ४ मध्ये त्याच्या वरचा आकडा २७१००.

इथे माणसं म्हणतात, अरे मग जुलै २०२५ ला दोन्हीकडे २७१००च, वर आठ-नऊ महिने ८०० रुपये कमी घेतले, हा तोट्याचा सौदा झाला. पण खरी गंमत याच्यानंतर आहे. वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २८ नोव्हेंबर २०१९ ला स्पष्ट केलं की डीएनआयला फिक्सेशन झालेल्याला पहिली वाढ सहा महिने सलग सेवा झाल्यावर येणाऱ्या १ जानेवारी किंवा १ जुलैला मिळते, त्यानंतरची वाढ मात्र पूर्ण वर्षाने. म्हणजे आपला माणूस १ जानेवारी २०२६ ला २७९०० वर, पहिल्या पर्यायातला अजून २७१०० वर. जुलैला तो बरोबरी करतो, पुढच्या जानेवारीत हा परत पुढे. दरवर्षी जानेवारी ते जून हा एक पायरी वर राहतो.

हिशोब लावू. ऑक्टोबरचे २२ दिवस आणि नोव्हेंबर ते जून आठ महिने मिळून नुकसान अंदाजे ६९७० रुपये. २०२६ च्या पहिल्या सहामाहीत फायदा ४८००, मार्च २०२७ मध्ये सगळं नुकसान भरून निघतं आणि मग पुढे फायदाच, डीए वगैरे वेगळं. नोकरी वीस वर्षं शिल्लक असेल तर दुसरा पर्याय, निवृत्ती वर्षभरावर असेल तर पहिला, माझं मत तरी असं आहे.

तारीख बदलली की चित्र बदलतं. हाच माणूस २० जून २०२५ ला प्रमोट झाला असता तर डीएनआय निवडण्यात फक्त अकरा दिवसांचं नुकसान, तीनशेच्या आत, आणि १ जुलैला थेट २७१००. पहिल्या पर्यायात तो २६३०० वरच १ जानेवारी २०२६ पर्यंत बसला असता. इथे विचार करायलाच नको.

पण डोळे झाकून डीएनआय लिहू नका. समजा यूडीसी ३१४०० वर आहे आणि थेट लेव्हल ६ ला जातोय, जुलैची वाढ, ऑक्टोबरमध्ये प्रमोशन. लेव्हल ६ सुरूच ३५४०० पासून होते. एक वाढ देऊन ३२३००, तरी ३५४००. दोन वाढी देऊन ३३३००, तरी ३५४००. म्हणजे डीएनआयची दुसरी वाढ हवेतच गेली, आणि पहिल्या पर्यायातला जुलैमध्ये ३६५०० वर जातो तेव्हा डीएनआयवाला ३५४०० वरच, त्याला ३६५०० साठी जानेवारीपर्यंत थांबायचं. म्हणून लेव्हलमधली उडी मोठी असेल तर कागद-पेन घेऊन दोन्ही बाजू दोन-तीन वर्षांपर्यंत मांडा, मगच सही.

हा ऑप्शन कोणाला? नियमित प्रमोशन, वरच्या जबाबदारीच्या पदावर, म्हणजे एफआर २२(१)(अ)(१) खाली येणारं. डेप्युटेशनवर दुसऱ्या केडरमध्ये गेलेल्याला किंवा थेट भरतीने वरच्या पदावर आलेल्याला नाही. ॲडहॉक असताना मिळत नाही, पण खंड न पडता तेच नियमित झालं तर नियमित झाल्यापासून एक महिन्यात देता येतो. आणि एमएसीपीत तीच लेव्हल आधीच मिळाली असेल तर प्रमोशनला परत फिक्सेशन होत नाही, हे ऐकून बरेच जण चिडतात पण नियम तसा आहे.

मुदत एक महिना, प्रमोशनच्या तारखेपासून, आणि एकदा दिला की बदलता येत नाही. प्रमोशनच्या ऑर्डरमध्येच ऑप्शनचा उल्लेख असायला हवा असं डीओपीटीचं २७ जुलै २०१७ चं ऑफिस मेमोरँडम सांगतं. माझ्या ऑर्डरमध्ये तो नव्हता, मी लेखी विचारलं तेव्हा कुठे फॉर्म मिळाला, त्यामुळे वाट बघत बसू नका.

सोबत प्रमोशनची ऑर्डर, नव्या पदाचा चार्ज घेतल्याचा रिपोर्ट, शेवटची पे स्लिप, शेवटच्या वाढीची सर्व्हिस बुकातली नोंद आणि जास्त पैसे गेले तर वसुलीला हरकत नाही असं हमीपत्र मागितलं तर तेही. फॉर्मची डायरी नंबर टाकलेली प्रत स्वतःकडे ठेवा, हे महत्त्वाचं.

फिक्सेशनची ऑर्डर आली की दोन गोष्टी बघा. बेसिकचा आकडा नव्या लेव्हलच्या रकान्यात जसाच्या तसा आहे का, नसेल तर कोणीतरी कॅल्क्युलेटर वापरलाय. आणि पुढच्या वाढीची तारीख काय लिहिलीय, कारण डीएनआय घेतलेल्याला सवयीने पुढचा जुलै लिहून टाकलेला असतो, मग तुमची जानेवारीची वाढ गेलीच, आणि ते लक्षात येतं दोन वर्षांनी. तसं दिसलं तर २०१९ च्या त्या आदेशाची प्रत जोडून अर्ज द्या आणि सर्व्हिस बुकातली नोंद दुरुस्त झालेली स्वतः डोळ्याने बघून या.