रिसर्च स्टेटमेंट: जुने पेपर आणि पुढचा प्लॅन, पार्श्वभूमी

आधी प्राध्यापकाच्या नोकरीला बायोडेटा, पेपरची यादी आणि गाइडची चिठ्ठी एवढ्यावर भागायचं. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा स्कोअर, आला आणि पेपर म्हणजे पॉइंट असा हिशोब सुरू झाला. २०१८ च्या नियमावलीतही शॉर्टलिस्टिंगला स्कोअर राहिलाच. त्यामुळे विद्यापीठांत अजूनही फाइल जाड असली की अर्धं काम झालं असं वाटतं.

दुसरीकडे २००६ पासून उभ्या राहिलेल्या केंद्रीय विज्ञान संस्थांनी मात्र रिसर्च स्टेटमेंट मागायला सुरुवात केली, पद्धत अमेरिकेतली. इथे चार पानांत आतापर्यंत काय केलं आणि पुढची पाच वर्षं काय करणार हे एका धाग्यात सांगायचं असतं. पॉइंटवाल्या पद्धतीपेक्षा मला हे बरंच बरं वाटतं, पण सगळा वाद एकाच गोष्टीवर अडतो: पोस्टडॉकचं काम तुमचं किती आणि बॉसचं किती?

उदाहरण घ्या. एकाची पीएचडी दख्खनच्या बेसॉल्टमधल्या विहिरींवर, पोस्टडॉक उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण मोजणीवर. "पहिल्या पेपरमध्ये हे केलं, दुसऱ्यात ते" असं लिहिलं तर कमिटीला दोन वेगळी माणसं दिसतात, आणि उपग्रहाचा भाग पुढे नेतो म्हटलं की लगेच "हे तर तुमच्या बॉसची लॅब करतेच आहे" असं ऐकावं लागतं. धागा खरं तर प्रश्नात आहे. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं फार कमी, आकारमानाच्या साधारण २ टक्के धरा, म्हणजे विहिरीची पातळी ५ मीटर खाली गेली तरी प्रत्यक्षात जेमतेम १० सेंटिमीटर पाणी गेलेलं असतं, आणि उपग्रहाला साधारण ३०० किलोमीटरपेक्षा बारीक नीट दिसत नाही. मग विहिरीवरचा आकडा जिल्ह्याच्या हिशोबात कसा बसवायचा, हा प्रश्न दोन्ही कामांतून निघतो आणि तो ना गाइडचा आहे ना बॉसचा.

आता प्लॅन आपोआप लागतो. पहिली दोन वर्षं पाणलोटात पंपिंग टेस्ट आणि पातळीचे लॉगर, हे नव्या प्राध्यापकाला संस्थेकडून सुरुवातीला मिळणाऱ्या सीड ग्रँटमध्ये बसतं आणि कुणाच्या डेटावर अडत नाही. दुसरा भाग त्या मोजणीला जिल्हा पातळीवर नेणारं मॉडेल, पहिल्या पीएचडी विद्यार्थ्याला द्यायचं. उपग्रहाचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, पण तो शेवटी आणि पडताळणीपुरता.

अलीकडे तर काही संस्थांच्या जाहिराती वर्षभर उघड्याच असतात, त्यामुळे लोक तीच फाइल संस्थेचं नाव बदलून सगळीकडे धाडतात. कमिटी हे लगेच ओळखते, कारण मागितलेली उपकरणं त्या डिपार्टमेंटमध्ये आधीच पडून असतात.