व्हर्टेक्स ॲनिमेशन टेक्स्चर

मेशमधल्या प्रत्येक व्हर्टेक्सची प्रत्येक फ्रेममधली जागा आधीच मोजून एका टेक्स्चरमध्ये लिहून ठेवायची आणि दृश्य चालू असताना ग्राफिक्स कार्डाने ती तिथून नुसती वाचून घ्यायची, या पद्धतीला व्हर्टेक्स ॲनिमेशन टेक्स्चर म्हणतात. काम करणारी मंडळी तिला थोडक्यात ‘व्हॅट’ म्हणतात आणि हालचाल टेक्स्चरमध्ये उतरवण्याला ‘बेक करणे’. फडकणारे ध्वज, वाळत घातलेले कपडे, प्रेक्षकांनी भरलेले स्टेडियम अशा ठिकाणी, जिथे एकच हालचाल हजारो प्रतींत दाखवायची असते, तिथे ही पद्धत वापरतात.

टेक्स्चरची मांडणी वहीच्या तक्त्यासारखी असते. प्रत्येक उभा स्तंभ एका व्हर्टेक्सचा आणि प्रत्येक आडवी ओळ एका फ्रेमची. त्या चौकटीत लाल, हिरवा आणि निळा हे रंग नसून x, y, z हे तीन आकडे असतात. हे आकडे सहसा मूळ जागेपासून व्हर्टेक्स किती सरकला ते सांगतात. पडद्यावर उघडून पाहिले तर रंगीत पट्ट्यांचा गिचमिडा दिसतो. त्यावरून हालचाल बरोबर आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही.

यासाठी व्हर्टेक्स शेडरला टेक्स्चर वाचता यायला हवे. घरगुती ग्राफिक्स कार्डांत ही सोय शेडर मॉडेल ३.० बरोबर, एनव्हिडियाच्या जीफोर्स ६ मालिकेतून 2004 साली आली. मोबाइलवर तिला उशीर झाला. ओपनजीएल ईएस २.० मध्ये ही सोय देणे बंधनकारक नव्हते, ईएस ३.० पासून व्हर्टेक्स शेडरला किमान 16 टेक्स्चर वाचता येतील अशी हमी मिळाली. आज हुडिनीमध्ये साइडएफएक्स लॅब्जचे यासाठीचे तयार साधन आहे. अनरिअलमध्ये AnimToTexture हे प्लगइन आहे. 2022 च्या ‘सिटी सॅम्पल’ या नमुना प्रकल्पातली दूरची गर्दी त्यावर चालते.

व्हर्टेक्स बेक करावेत की हाडे?

गर्दीचे काम हाती आले की हा प्रश्न आधी सोडवावा. समजा एका माणसाच्या मेशमध्ये 3,000 व्हर्टेक्स आहेत आणि चालणे, थांबणे, टाळ्या वाजवणे अशा क्लिप मिळून 300 फ्रेम होतात. प्रत्येक चौकटीला 16 बिटांचे चार आकडे, म्हणजे 8 बाइट लागतात. नुसत्या जागांचे टेक्स्चर 72 लाख बाइटांचे होते आणि नॉर्मलचे वेगळे. त्याच माणसाच्या सांगाड्यात 50 हाडे असतील आणि प्रत्येक हाडाचे मॅट्रिक्स तीन चौकटींत साठवले, तर तेवढ्याच 300 फ्रेम 3.6 लाख बाइटांत मावतात. शिवाय हाडांचे टेक्स्चर सांगाड्याचे असते, मेशचे नव्हे. त्यामुळे दहा वेगवेगळे पोशाख त्याच एका टेक्स्चरवर चालतात. त्याची किंमत शेडरमध्ये मोजावी लागते: एका व्हर्टेक्सवर चार हाडांचा प्रभाव असेल तर बारा वेळा टेक्स्चर वाचावे लागते.

म्हणून जवळच्या आणि मधल्या अंतरावरच्या माणसांसाठी हाडे बेक करणे बहुधा परवडते, अगदी लांबच्या ठोकळेबाज आकृत्यांसाठी व्हर्टेक्स. कापडाला सांगाडाच नसतो. त्याची प्रत्येक सुरकुती स्वतंत्र असते, म्हणून कापडासाठी व्हर्टेक्सच बेक करावे लागतात. पुढचे उदाहरण त्याचेच.

एक ध्वज, पाच हजार प्रती

दीड मीटर लांब आणि एक मीटर उंच ध्वज घेऊ. त्याची जाळी आडवी 32 आणि उभी 20 घरांची, म्हणजे 33 × 21 = 693 व्हर्टेक्सची. सिम्युलेशन ब्लेंडर, हुडिनी कशातही करावे, पण ध्वज मूळबिंदूपाशीच ठेवावा. 16 बिटांच्या आकड्यात शून्याजवळ बारकावा जास्त असतो: 1 ते 2 मीटरच्या दरम्यान सुमारे 1 मिलिमीटरची पायरी मिळते, तर 32 मीटरपलीकडे तीच पायरी 3 सेंटिमीटरची होते. दूर कोपऱ्यात उभा केलेला ध्वज तिथल्याच निर्देशांकांसकट बेक केला, तर कापड पायऱ्यापायऱ्यांनी थरथरताना दिसते. मूळ जागेपासूनचे अंतर साठवल्याने हा त्रास आपोआप टळतो.

सिम्युलेशन सुरू होते तेव्हा कापड ताठ असते. ते वाऱ्याला सरावेपर्यंतच्या पहिल्या शंभरेक फ्रेम टाकून द्याव्यात. मग 30 फ्रेम प्रतिसेकंद या वेगाने 90 फ्रेमची, म्हणजे तीन सेकंदांची आवृत्ती घ्यायची. अडचण अशी की कापड तीन सेकंदांनी आपल्या पहिल्या जागी परत येत नाही. म्हणून 15 फ्रेम जादा, एकूण 105 नोंदवतात आणि त्या सुरुवातीशी मिसळतात. शून्याव्या फ्रेमच्या जागी पूर्ण 90 वी येते, पहिल्या फ्रेममध्ये 91 वीचा वाटा थोडा कमी होतो, आणि पंधराव्या फ्रेमपर्यंत तो संपतो. असे केले की 89 व्या फ्रेमनंतर शून्यावी फ्रेम तिच्या पाठोपाठ आल्यासारखी लागते. मिसळण्याच्या पट्ट्यात सुरकुत्या किंचित सपाट होतात, कारण दोन वेगळ्या लाटांची सरासरी काढली जाते. एका ध्वजाकडे टक लावून पाहिले तर हे कळते, हजारांत लपते.

आता हिशेब. जागांचे टेक्स्चर 693 × 90 × 8 = 4,98,960 बाइट. नॉर्मलसाठी प्रत्येक आकड्याला 8 बिट पुरतात, त्याचे 2,49,480 बाइट. दोन्ही मिळून साडेसात लाखांच्या आत. ध्वज पाच असोत की पाच हजार, हा आकडा बदलत नाही. प्रत्येक प्रतीमागे फक्त तिची जागा, रंग आणि फेज, म्हणजे आवर्तनात ती कुठे आहे याचा आकडा, एवढेच वेगळे पाठवायचे. नॉर्मलला 8 बिट सुती कापडासाठी ठीक. चकचकीत रेशमावर मात्र प्रकाशाच्या पट्ट्या दिसू लागतात.

प्रत्येक व्हर्टेक्सला आपला स्तंभ कोणता हे माहीत असावे लागते. तो बेक करतानाच मेशच्या दुसऱ्या यूव्हीत `(i + 0.5) / 693` असा लिहून ठेवावा. शेडरचा गाभा एवढाच:

```hlsl
float  f  = frac(phase + _T * speed) * 90.0;
float  f0 = floor(f);
float  f1 = fmod(f0 + 1.0, 90.0);
float3 a  = tex2Dlod(_Pos, float4(uv2.x, (f0 + 0.5) / 90.0, 0, 0)).xyz;
float3 b  = tex2Dlod(_Pos, float4(uv2.x, (f1 + 0.5) / 90.0, 0, 0)).xyz;
float3 p  = rest + lerp(a, b, f - f0);
```

तीन सेकंदांचे आवर्तन असल्याने `speed` 0.33 च्या आसपास ठेवतात आणि प्रत्येक प्रतीला तो थोडा कमीजास्त देतात. फेज सारखाच ठेवला तर सगळे ध्वज कवायतीत उभे असल्यासारखे हलतात. चालू दृश्यात `speed` बदलला तर ध्वज झटका खातो, कारण आजवरचा सगळा वेळ नव्या वेगाने गुणला जातो. वाऱ्याचा जोर बदलायचा असेल तर फेज प्रत्येक फ्रेमला थोडा थोडा पुढे ढकलून साठवत जावा.

काय बिघडते आणि कसे ओळखावे

बहुतेक बिघाड शेडरमध्ये नसतात. इंजिन आपल्या टेक्स्चरला साधे चित्र समजते तिथून ते सुरू होतात. युनिटीत 693 × 90 ची फाइल आणली की `Non-Power of 2` ही सेटिंग तिला मुळातच जवळच्या दोनाच्या घाताच्या मापात, म्हणजे 512 × 64 मध्ये बसवते. स्तंभ एकमेकांत मिसळतात आणि कापडाऐवजी चुरगळलेला बोळा दिसतो. ही सेटिंग `None` करावी. कॉम्प्रेशन चालू राहिले तर शेजारच्या चौकटींचे आकडे एकाच ठोकळ्यात दाबले जातात. मेशमधून काट्यांसारखी टोके बाहेर येतात किंवा ती उकळल्यासारखी थरथरते. आकडे शून्य ते एकच्या पट्टीवर आणून 8 किंवा 16 बिटांच्या साध्या चित्रात साठवले असतील आणि sRGB ची खूण काढायची राहिली, तर आकार ओळखू येतो, पण सगळे एका बाजूला ओढल्यासारखे वाटते, कारण मधले आकडे वाकवले जातात. मिपमॅपही बंदच हवेत. या सगळ्या भानगडीतून सुटायचे असेल तर फाइल न आणता इंजिनमध्येच `RGBAHalf` प्रकारचे टेक्स्चर स्क्रिप्टने भरून साठवणे सोपे.

व्हर्टेक्सच्या क्रमांकावर विसंबणे हा दुसरा सापळा. आयात करताना यूव्हीच्या शिवणीवर आणि धारदार कडांवर व्हर्टेक्स दुभंगतात. आठ व्हर्टेक्सच्या ठोकळ्याचे चोवीस होतात. मग बेक केलेला क्रम आणि शेडरला मिळणारा क्रम जुळत नाहीत. स्तंभ यूव्हीत लिहिला असेल तर दुभंगलेले दोन्ही तुकडे एकाच स्तंभाकडे बोट दाखवतात आणि प्रश्न उरत नाही. फक्त तो यूव्ही 16 बिटांत कापला जात नाही ना, हे पाहावे. 0.5 च्या पुढे तिथे पायरी 1/2048 ची असते. 693 स्तंभांना ती चालते, 4,096 ना नाही, आणि मग मेशचा अर्धाच भाग बिघडलेला दिसतो. अनरिअलमध्ये यासाठी `Use Full Precision UVs` चालू करतात.

सगळ्यात फसवा बिघाड ओळींच्या उलट क्रमाचा. काही साधने पहिली ओळ वर ठेवतात, काही खाली. क्रम उलटला की हालचाल उलटी चालते, आणि ध्वजात ती चटकन लक्षात येत नाही. नुसते ‘काहीतरी खटकतंय’ असे वाटत राहते. खूण अशी की लाट काठीकडून मोकळ्या टोकाकडे जायला हवी. ती टोकाकडून काठीकडे येत असेल तर ओळी उलट्या आहेत.

पडद्याच्या कडेला ध्वज अचानक नाहीसे होत असतील तर दोष टेक्स्चरचा नाही. इंजिनला मूळ स्थितीतल्या मेशला वेढणारीच चौकट ठाऊक असते. ती सर्व फ्रेममधल्या टोकाच्या जागा मोजून मोठी करावी. सावली स्थिर राहिली तर सावलीच्या पासमध्ये हीच हालचाल लिहायची राहिलेली असते. टेम्पोरल अँटीअलायझिंगखाली कापडामागे धूसर शेपूट उमटत असेल, तर मागच्या फ्रेमची जागाही त्याच टेक्स्चरमधून मोजून मोशन व्हेक्टरला द्यावी लागते.

गर्दीत आणखी एक दिसते. जागा वाचवण्यासाठी फ्रेम विरळ केल्या की दोन फ्रेममध्ये व्हर्टेक्स सरळ रेषेत सरकतो, वर्तुळात नाही. हात दोन फ्रेममध्ये 20 अंश फिरत असेल तर मधोमध तो दीड टक्का आखूड होतो, ते चालते; 60 अंश फिरला तर 13 टक्के, आणि टाळ्या वाजवणाऱ्याचे हात आत-बाहेर होताना दिसतात.

मर्यादा

स्वस्त होते ते सिम्युलेशन. व्हर्टेक्स तेवढेच राहतात. पाच हजार ध्वजांचे 34.65 लाख व्हर्टेक्स प्रत्येक फ्रेमला आणि सावलीच्या प्रत्येक पासला पुन्हा हलवावे लागतात. लांबच्या ध्वजांसाठी त्याच जाळीतला दर चौथा व्हर्टेक्स ठेवून 9 × 6 = 54 व्हर्टेक्सची हलकी मेश करता येते. 32 आणि 20 या दोन्हींना चाराने भाग जातो, म्हणून हे व्हर्टेक्स मूळ जाळीतलेच असतात. त्यांचे यूव्ही मूळ स्तंभांकडेच निर्देश करतात आणि नवे टेक्स्चर लागत नाही. घरांचे आकडे सुरुवातीलाच असे निवडण्यामागे हेच कारण.

बेक केलेला ध्वज कशालाही प्रतिसाद देत नाही. कोणी त्याला हात लावला, काठी झपकन फिरवली, वारा उलटला तरी तो आपले तीन सेकंदच फिरवत बसतो. काठी फिरली तर अख्खा ध्वज पुठ्ठ्यासारखा तिच्याबरोबर वळतो. म्हणून खेळाडूच्या हातातला ध्वज खऱ्या सिम्युलेशनवर ठेवतात आणि बाकीचे टेक्स्चरवर. काठ्या फार हलत असतील तर जोराच्या आणि मंद वाऱ्याच्या दोन आवृत्त्या बेक करून शेडरमध्ये मिसळतात. त्यात टेक्स्चर वाचण्याचा खर्च दुप्पट होतो.