1/x आणि 1/x² : अनंतापर्यंत जाणाऱ्या इंटिग्रलची जुनी भानगड

बारावीनंतर इंप्रॉपर इंटिग्रल शिकवताना पहिलं उदाहरण ठरलेलंच असतं, 1/x² चं 1 पासून ∞ पर्यंत उत्तर 1 येतं आणि 1/x चं येतच नाही. दोन्ही ग्राफ दिसायला सारखेच, दोन्ही खाली खाली जात शून्याला टेकायला बघतात, मग एकाचं क्षेत्रफळ मोजता येतं नि दुसऱ्याचं का नाही? गंमत म्हणजे हे लोकांना इंटिग्रेशनचे नियम यायच्या आधीच कळलं होतं.

सुरुवात इटलीत. टॉरिचेल्लीने (हो, बॅरोमीटरवालाच) १६४१ च्या सुमारास 1/x चा कर्व्ह अक्षाभोवती फिरवून एक लांबच लांब, संपतच नाही असा कर्ण्यासारखा आकार घेतला आणि दाखवलं की त्याचं घनफळ मर्यादितच आहे. १६४४ मध्ये ते छापूनही आलं. आजच्या भाषेत x = 1 पासून पुढच्या भागाचं घनफळ म्हणजे π/x² चं इंटिग्रल, उत्तर π. तेव्हा ते लोकांना पचलं नाही, इंग्लंडातला हॉब्ज तर म्हणाला की हे समजायला भूमिती किंवा तर्कशास्त्र नको, माणूस वेडा असला की झालं.

पण मला विचाराल तर खरी कमाल फर्माची. हा तुलूझचा, पेशाने न्यायखात्यातला. १६५८ च्या आसपास त्याने जी युक्ती लिहिली ती आजही वहीवर करून बघण्यासारखी आहे. x च्या अक्षावर समान अंतराने खुणा न करता गुणाकाराने करायच्या, म्हणजे 1, r, r², r³ अशा, r एकापेक्षा जरासा मोठा. आता 1/x² घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर डाव्या टोकाच्या उंचीचा आयत उभा करा. पहिल्याची रुंदी r − 1, उंची 1, क्षेत्रफळ r − 1. दुसऱ्याची रुंदी r पट वाढली पण उंची r² पटीने कमी झाली, म्हणून क्षेत्रफळ (r − 1)/r, तिसऱ्याचं (r − 1)/r², असं पुढे. ही साधी भूमिती श्रेढी, बेरीज बरोब्बर r येते. उजव्या टोकाची उंची घेतली तर आयत कर्व्हच्या खाली राहतात आणि बेरीज 1/r. म्हणजे खरं क्षेत्रफळ 1/r आणि r च्या मधे कुठेतरी. r = 2 घेतला तर ०.५ आणि २ च्या मधे, फार ढोबळ झालं, पण r = 1.01 घेतला की ०.९९ आणि १.०१ च्या मधे, आणि r एकाकडे नेत राहिलात की 1 सोडून दुसरं काही उरतच नाही.

आता हीच युक्ती 1/x ला लावा. रुंदी r पट वाढते, उंचीही r पटीनेच कमी होते, म्हणजे प्रत्येक आयत r − 1 एवढाच! खालून घेतले तरी तेच, प्रत्येक आयत (r − 1)/r. सारखेच आयत, तेही अनंत, मग बेरीज कुठे थांबणार. फर्माने हा कर्व्ह अपवाद म्हणून स्पष्ट बाजूला काढला होता. या कर्व्हखाली असे समान तुकडे पडतात हे त्याच्याही आधी, १६४७ मध्ये, सेंट व्हिन्सेंट नावाच्या फ्लँडर्सच्या जेझुइटाने छापलं होतं, आणि दोनच वर्षांनी दे सारासाच्या लक्षात आलं की अरे हा तर लॉगरिदम आहे.

आणि लॉगरिदम फार सावकाश वाढतो, म्हणून आजही लोक इथे फसतात. 1/x चं 1 पासून १० लाखापर्यंत इंटिग्रल १३.८ च्या आसपास, १०० कोटीपर्यंत नेलं तरी २०.७, कॉम्प्युटरवर आकडे बघत बसलात तर वाटेल आता थांबेल मग थांबेल. ते थांबत नाही.

लिमिट घेऊन व्याख्या करायची आजची पद्धत मात्र बरीच उशिरा, कॉशीच्या १८२३ च्या पॅरिसमधल्या लेक्चर्समध्ये नीट आली. आधी b पर्यंत काढा, 1/x² साठी 1 − 1/b, मग b ला ∞ कडे न्या, लिमिट मिळालं तर कन्व्हर्ज, नाही तर डायव्हर्ज. एवढी काटेकोर भाषा कशाला? तर x/(1 + x²) हे −∞ पासून ∞ पर्यंत करून बघा. −b ते b घेतलं तर दोन्ही बाजू कटून शून्य. पण −b ते 2b घेतलं, तेही शेवटी दोन्हीकडे अनंतालाच जातंय, तर उत्तर येतं ln 2. एकाच इंटिग्रलची दोन उत्तरं कशी चालतील, म्हणून दोन्ही टोकं स्वतंत्रपणे तपासायची, आणि इथे 0 ते ∞ हा भागच ½ ln(1 + b²) असा वाढत जातो म्हणजे अख्खं इंटिग्रल डायव्हर्ज. त्या शून्याला कॉशीने प्रिन्सिपल व्हॅल्यू असं वेगळं नाव दिलं, पेपरात ते उत्तर म्हणून लिहिलंत तर मार्क जातात.