सर्ज भाडे: बोस्टनमधला प्रयोग, न्यूयॉर्कमधल्या दोन रात्री आणि न्याय्यतेचा आक्षेप

२०१२ च्या सुरुवातीला उबरच्या बोस्टनमधील कर्मचाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री एकच्या सुमारास बार बंद होण्याची वेळ येई आणि नेमके त्याच सुमारास बरेच चालक काम थांबवून घरी जात. गाडी मागणारे वाढत आणि गाड्या कमी होत. त्यांनी त्या वेळेपुरते चालकांना जास्त पैसे देऊन पाहिले. कंपनीच्या सांगण्यानुसार रस्त्यावरच्या गाड्या ७० ते ८० टक्क्यांनी वाढल्या. मागणी वाढली की भाडे वाढवण्याच्या ज्या पद्धतीला आज आपण ‘सर्ज’ म्हणतो, तिचे मूळ या प्रयोगात आहे.

यामागचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका परिसरात १० गाड्या मोकळ्या आहेत आणि नेहमीच्या २०० रुपये भाड्याला १६ जण गाडी मागत आहेत. भाडे तेच ठेवले, तर सहा जणांना गाडी मिळणार नाही, आणि ते सहा कोण हे केवळ बटण कोणी आधी दाबले यावर ठरेल. भाडे दीडपट, म्हणजे ३०० झाले, की समजा चार जण थांबायचे ठरवतात किंवा रेल्वे पकडतात, आणि शेजारच्या भागातून दोन गाड्या येतात. आता १२ गाड्या आणि १२ प्रवासी. अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा जुळवणारी किंमत म्हणतात ती हीच. ती एकाच वेळी दोन कामे करते: काही मागणी मागे सारते आणि गाड्या ओढून आणते. पुढच्या सगळ्या वादात ही दोन कामे वेगळी ठेवून पाहावी लागतात.

न्यूयॉर्कमधल्या दोन रात्रींच्या आकडेवारीत हे फार स्पष्ट दिसते. २१ मार्च २०१५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला एक मोठा संगीत कार्यक्रम संपला, तेव्हा त्या परिसरात ॲप उघडणाऱ्यांची संख्या नेहमीच्या चौपट झाली. सर्ज लागू झाला, परिसरातल्या गाड्या जवळपास दुप्पट झाल्या, आणि ज्यांनी प्रत्यक्ष बुकिंग केले त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना गाडी मिळाली. त्याआधी २०१५ च्या नववर्षाच्या रात्री मात्र तांत्रिक बिघाडामुळे सर्जची यंत्रणा २६ मिनिटे बंद पडली होती. तेवढ्या वेळात पूर्ण होणाऱ्या बुकिंगचे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली गेले आणि गाडीची वाट पाहण्याचा वेळ सुमारे अडीच मिनिटांवरून आठ मिनिटांवर गेला. हा अभ्यास उबरच्याच संशोधकांनी शिकागो विद्यापीठाच्या एका प्राध्यापकासोबत केला होता, आणि दोन रात्री अगदी सारख्या नव्हत्या, हे विसरू नये. तरी वाट पाहण्याचा वेळ का वाढला, हे समजण्यासारखे आहे. मोकळ्या गाड्या संपत आल्या की ॲप दूरच्या गाडीला बोलावते. चालकाचा वेळ प्रवाशापर्यंत रिकामे पोहोचण्यात जातो, तेवढ्या वेळात त्याची फेरी होत नाही, आणि टंचाई आणखी वाढते.

अशी भाडेवाढ अन्याय्य आहे, हा आक्षेप याहून जुना आहे. १९८६ मध्ये कानेमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी कॅनडातल्या लोकांना विचारलेला एक प्रश्न प्रसिद्ध केला. दुकानदार बर्फाचे फावडे १५ डॉलरला विकतो आणि हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी किंमत २० डॉलर करतो. हे योग्य आहे का? ८२ टक्के लोकांनी अन्याय्य म्हटले. दुकानदाराचा खर्च वाढलेला नाही, तो फक्त अडचणीचा फायदा घेतो, हा लोकांचा राग आहे. शिवाय किंमत गरज मोजत नाही, ऐपत मोजते: रुग्णालयाकडे निघालेला कमी पगाराचा माणूस मागे राहतो आणि पार्टीहून परतणाऱ्याला गाडी मिळते. माझ्या मते हा आक्षेप पुरवठा हलत नाही तिथे सर्वांत भक्कम ठरतो. रस्तेच पाण्याखाली असतील, तर भाडे चौपट करूनही गाड्या येत नाहीत. तेव्हा वाढीव भाडे फक्त निवड करते.

२०१२ च्या सँडी चक्रीवादळानंतर न्यूयॉर्कमध्ये यावरूनच गदारोळ झाला. जुलै २०१४ मध्ये उबरने न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी करार केला: आणीबाणीत भाड्याला वरची मर्यादा राहील, आणि ती आधीच्या ६० दिवसांतल्या नेहमीच्या काळातील भाड्यांवरून ठरेल, त्यातही सर्वांत महागडे तीन दिवस वगळून.

भारतात एप्रिल २०१६ मध्ये, दिल्लीत सम-विषम योजना चालू असताना, सरकारच्या इशाऱ्यानंतर ओला आणि उबरने तिथला सर्ज थांबवला. पुढे केंद्राने बंदीऐवजी मर्यादेचा मार्ग घेतला: २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाड्याच्या दीडपट, २०२५ मध्ये दुप्पट. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा द्यायचा, ही अटही त्यांत आहे, आणि आक्षेपाच्या दृष्टीने ती मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे. वरच्या उदाहरणातले जादा १०० रुपये चालकापर्यंत पोहोचले नाहीत, तर शेजारच्या भागातून येण्याचे त्याला कारणच उरत नाही. प्रवाशाला आता भाडे किती पट झाले ते न दिसता आधीच ठरलेली एकच रक्कम दिसते, त्यामुळे त्यातला चालकाचा हिस्सा किती, हे त्याला बाहेरून तपासता येत नाही.