मागणीजन्य आणि खर्चजन्य भाववाढ

लोकांच्या हातात खर्चायला पैसा जास्त येतो, पण माल तेवढ्या वेगाने वाढत नाही, तेव्हा होते ती मागणीजन्य भाववाढ. मागणी तीच असताना माल तयार करण्याचा किंवा आणण्याचा खर्च वाढतो, तेव्हा होते ती खर्चजन्य भाववाढ. दोन्हींत गिऱ्हाईक जास्तच पैसे मोजते, त्यामुळे नुसत्या भावावरून फरक कळत नाही. किती माल विकला गेला ते पाहावे लागते. मागणीजन्य भाववाढीत भाव आणि खप दोन्ही वाढतात. खर्चजन्य भाववाढीत भाव चढतो आणि खप उतरतो.

कोकणात पहिला प्रकार गणपतीत दिसतो. चाकरमानी बोनस, उचल किंवा साठवलेले पैसे घेऊन गावी येतात आणि आठवडाभरात बाजार बदलतो. कणकवली-सावंतवाडीच्या बाजारात गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायची कवंडळे, नारळ, झेंडू यांचे भाव चढतात, तरी संध्याकाळपर्यंत पाट्या रिकाम्या होतात. खासगी बसच्या तिकिटाचेही तेच. भाडे वाढते आणि तरीही गाड्या भरून येतात. शासनाने २०१८ साली खासगी बसभाड्याला एसटीच्या भाड्याच्या दीडपट अशी मर्यादा घातली. पण मर्यादेने जागा वाढत नाहीत, हे ऐन हंगामात तिकीट शोधणाऱ्याला सांगायला नको.

अर्थात, अनंत चतुर्दशीनंतर उतरणाऱ्या भावांना अर्थशास्त्र भाववाढ म्हणत नाही. ती हंगामी चढउतार. सर्वसाधारण किमती टिकून वाढत राहिल्या, तरच तो शब्द लागू होतो. त्यासाठी एका बाजारातली गर्दी पुरत नाही; पगार, कर्जे किंवा सरकारी खर्च देशभर वाढावा लागतो. सणाची तारीखही आकड्यांना चकवते. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, तर अधिक मासामुळे २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातले फुलांचे भाव शेजारी ठेवले, तर महागाई घटल्याचा भास होईल.

दुसऱ्या प्रकारासाठी बंदरावर जावे लागते. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या काळात देशातले पेट्रोल-डिझेलचे दर टप्प्याटप्प्याने लिटरमागे साधारण १० रुपयांनी वाढले. त्याआधी युक्रेन युद्धामुळे कच्चे तेल भडकले होते. ही वाढ मालाच्या किमतीत किती उतरते, ते एका हिशेबाने पाहू; यातले डिझेल आणि मालाचे आकडे मानलेले आहेत. कोल्हापूरहून घाट उतरून चार टन भाजी आणणाऱ्या गाडीला येऊन-जाऊन ४० लिटर डिझेल लागले, तर वाढीव खर्च ४०० रुपये, म्हणजे किलोमागे १० पैसे. टोमॅटो एकदम दहा रुपयांनी महागला आणि विक्रेता डिझेलकडे बोट दाखवू लागला, तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

ट्रॉलरचे गणित निराळे. एका फेरीला १,००० लिटर डिझेल आणि १,००० किलो मासळी धरली, तर तीच वाढ किलोमागे १० रुपये होते. मासळी निम्मीच मिळाली, तर २० रुपये. शिवाय बंदरावर भाव लिलावात ठरतो, आणि बोली लावणाऱ्याला मालकाच्या डिझेलच्या बिलाशी देणेघेणे नसते. मग खर्च भावात शिरतो कसा? फेरी परवडेनाशी झाली की काही मालक होडी नांगरून ठेवतात. आवक घटते, त्याच गिऱ्हाइकांत बोली चढते आणि बाजारात पापलेट महागते. खर्चजन्य भाववाढ अशी आवक तुटण्यातून येते, म्हणून तिच्यात मालक आणि खलाशी यांच्या हातीही फारसे काही लागत नाही. श्रावणात तर बरेच लोक मासे सोडतात. तेव्हा डिझेल महागले तर बोली चढायलाही जागा नसते आणि तोटा मालकाच्याच माथी बसतो.

उपाय वेगळे असण्याचे कारण इथेच आहे. व्याजदर वाढवले की कर्जावरची खरेदी मंदावते आणि मागणीचा जोर ओसरतो, पण डिझेल स्वस्त होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर पोचली. रिझर्व्ह बँकेने महागाई जिच्या आत ठेवायची, ती वरची मर्यादा ६ टक्के आहे. बँकेने ४ मे रोजी रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला आणि त्याच महिन्यात केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ६ रुपयांनी कमी केले. शुल्ककपातीने खर्चाला थेट हात घातला. व्याजदरवाढीची मात्रा इंधनावर चालत नाही; ती महागाईच्या दुसऱ्या फेरीसाठी होती: महागाई टिकणार असे धरून खलाशी जास्त मजुरी मागतात, गाडीवाले भाडे वाढवतात, आणि डिझेल पुढे उतरले तरी ही वाढ सहसा मागे घेतली जात नाही.